डीएनएमध्ये युरॅसिल का नाही?

बारावीच्या जीवशास्त्रात एक प्रश्न हमखास येतो: डीएनए आणि आरएनए यांतील फरक सांगा. उत्तर तीन ओळींचे असते. डीएनएचे धागे दोन, आरएनएचा बहुधा एकच. डीएनएत डिऑक्सिरायबोज ही शर्करा, आरएनएत रायबोज. डीएनएत थायमीन हा बेस, आरएनएत त्याच्या जागी युरॅसिल. एवढे लिहिले की गुण मिळतात आणि विद्यार्थी पुढच्या प्रश्नाकडे वळतो. तिसऱ्या ओळीचे कारण ना पेपर विचारतो, ना बहुतेक शिक्षक.

खरे तर ती ओळ विचित्र आहे. थायमीन आणि युरॅसिल या दोघांचेही काम समोरच्या ॲडेनिनशी जोडी जमवणे हेच, आणि दोघेही ते सारख्याच सफाईने करतात. शिवाय थायमीन पेशीला महाग पडते. युरॅसिलचा न्यूक्लिओटाइड आधी तयार करून मग त्यावर आणखी एक प्रक्रिया करावी लागते आणि तिला एक जीवनसत्त्व लागते. स्वस्त माल हाताशी असताना पेशीने डीएनएसाठी महाग माल का वापरावा? हा प्रश्न धरून चालत गेले, तर डीएनएची रचना कळते, आरएनए वेगळे का तेही कळते, आणि शेवटी आपण मुंबईत परळला, हाफकिन इन्स्टिट्यूटपाशी पोहोचतो.

सुरुवात न्यूक्लिओटाइडपासून करू. डीएनए असो वा आरएनए, त्याचा लांब धागा न्यूक्लिओटाइड नावाच्या घटकांनी बनतो आणि प्रत्येक न्यूक्लिओटाइडचे तीन भाग असतात: एक शर्करा, एक फॉस्फेट आणि एक बेस. मधोमध शर्करा. तिच्यात पाच कार्बन असतात आणि रसायनशास्त्रज्ञ त्यांना क्रमांक देतात. पहिल्या कार्बनला बेस चिकटतो, पाचव्याला फॉस्फेट. तिसऱ्या कार्बनला पुढच्या न्यूक्लिओटाइडचा फॉस्फेट येऊन जोडला जातो. शर्करा, फॉस्फेट, पुन्हा शर्करा, पुन्हा फॉस्फेट असा कणा तयार होत जातो आणि प्रत्येक शर्करेतून एक बेस बाजूला निघतो. कणा सगळीकडे सारखाच. मजकूर असतो तो बेसच्या क्रमात.

चौथा कार्बन शर्करेचे कडे पूर्ण करण्यात गुंततो. राहिला दुसरा. आरएनएमध्ये या दुसऱ्या कार्बनवर ऑक्सिजन आणि हायड्रोजनची जोडगोळी, म्हणजे हायड्रॉक्सिल गट असतो. डीएनएमध्ये तिथला ऑक्सिजन नाहीसा झालेला असतो आणि नुसता हायड्रोजन उरतो. ‘डिऑक्सि’चा अर्थ एवढाच. पण या एका ऑक्सिजनने बराच फरक पडतो. तो कण्यातल्या फॉस्फेटच्या अगदी शेजारी बसलेला असतो. द्रावण अल्कधर्मी झाले की तो शेजारच्या फॉस्फेटवर हल्ला करतो आणि धागा त्या जागी तुटतो. प्रयोगशाळेत डीएनएच्या नमुन्यातले आरएनए घालवायचे असेल तर सौम्य सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये ते रात्रभर ठेवतात. सकाळी आरएनएचे तुकडे झालेले असतात. डीएनएचे दोन धागे एकमेकांपासून सुटतात, पण त्यांचा कणा शाबूत राहतो. करोनाच्या काळात सगळ्यांच्या तोंडी झालेल्या आरटी-पीसीआर चाचणीत विषाणूच्या आरएनएची आधी डीएनए प्रत काढतात आणि मगच तिच्या असंख्य प्रती करतात, कारण ज्या विकराने या प्रती होतात तो डीएनएवरच काम करतो. आरएनए मात्र नमुना घेतल्यापासूनच जपावे लागते, कारण त्याला तोडणारे विकर आपल्या कातडीवर, घामात, सगळीकडे असतात आणि तेही तोडताना याच ऑक्सिजनचा उपयोग करतात.

पेशीच्या दृष्टीने यात तक्रारीचे कारण नाही. निरोप घेऊन जाणारे आरएनए काही मिनिटे किंवा काही तास टिकले तरी पुरते. प्रथिने तयार करायचा निरोप पोहोचला की ते मोडीत निघालेलेच बरे. डीएनएला मात्र माणसाच्या आयुष्याइतके टिकायचे असते, आणि पुढच्या पिढीतही जायचे असते.

आता बेसकडे वळू. डीएनएत चार बेस: ॲडेनिन, ग्वानिन, सायटोसिन आणि थायमीन. (हे थायमीन म्हणजे बी-१ जीवनसत्त्व नव्हे, त्याचा याच्याशी काही संबंध नाही.) ॲडेनिन आणि ग्वानिन यांत दोन कडी एकमेकांना जोडलेली असतात, म्हणून ते आकाराने मोठे. सायटोसिन, थायमीन आणि युरॅसिल एकाच कड्याचे, लहान. समोरासमोरच्या दोन धाग्यांमध्ये नेहमी एक मोठा आणि एक लहान बेस जोडीने येतो. ॲडेनिनसमोर थायमीन, ग्वानिनसमोर सायटोसिन. पहिल्या जोडीत दोन हायड्रोजन बंध, दुसरीत तीन.

आज हे पाठांतराचे वाटते. १९५३च्या फेब्रुवारीत केंब्रिजला जेम्स वॉटसन यावर अडून बसला होता. आकडे त्याच्यासमोर होते. अर्विन चारगाफने अनेक सजीवांच्या डीएनएचे पृथक्करण करून दाखवले होते की ॲडेनिन आणि थायमीन यांचे प्रमाण जवळजवळ सारखे असते, ग्वानिन आणि सायटोसिन यांचेही. माणसात पहिले दोन प्रत्येकी सुमारे ३० टक्के, दुसरे दोन प्रत्येकी सुमारे २० टक्के. लंडनच्या किंग्ज कॉलेजात रोझलिंड फ्रँकलिन आणि रेमंड गॉसलिंग यांनी घेतलेल्या क्ष-किरण छायाचित्रातून मळसूत्री रचना दिसत होती. तरी जोड्या जमत नव्हत्या, कारण वॉटसनने बेसची सूत्रे पाठ्यपुस्तकांतून उचलली होती आणि त्या पुस्तकांत ग्वानिन आणि थायमीनमधला एकेक हायड्रोजन चुकीच्या जागी छापला होता. त्याच खोलीत बसणारा अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ जेरी डोनह्यू याने ही चूक दाखवली. वॉटसनने पुठ्ठ्याचे नवे आकार कापले, टेबलावर मांडले आणि सरकवत बसला. २८ फेब्रुवारीला त्याच्या लक्षात आले की ॲडेनिन-थायमीनची जोडी आणि ग्वानिन-सायटोसिनची जोडी यांचा बाहेरचा आकार एकसारखा येतो. म्हणजे कोणतीही जोडी कोणत्याही क्रमाने आली तरी दोन कण्यांमधले अंतर तेच राहते. चारगाफच्या आकड्यांना अर्थ आला. फ्रँकलिनच्या मोजमापांचा उपयोग तिला न विचारता झाला ही गोष्ट आता सर्वज्ञात आहे, आणि डोनह्यूचे नाव फारसे कोणाच्या लक्षात नाही हेही तितकेच खरे.

एप्रिल १९५३च्या त्यांच्या छोट्याशा शोधनिबंधात आणखी एक वाक्य आहे, ज्याकडे सहसा दुर्लक्ष होते. डिऑक्सिरायबोजच्या जागी रायबोज घातली तर ही रचना बहुधा उभीच राहणार नाही, कारण जादा ऑक्सिजनला जागा पुरणार नाही, असे त्यांनी नोंदवले होते. आज आपल्याला माहीत आहे की आरएनएचीही जोडीदार मळसूत्रे होतात, पण त्यांची ठेवण वेगळी, अधिक रुंद आणि आखूड असते. त्यामागेही दुसऱ्या कार्बनवरचा तोच ऑक्सिजन आहे.

आता मूळ प्रश्न. युरॅसिल आणि थायमीन यांत फरक आहे तो एका मिथिल गटाचा: एक कार्बन आणि त्याला लटकलेले तीन हायड्रोजन. युरॅसिलवर तो लावला की थायमीन होते. मिथिल गट बेसच्या अशा बाजूला आहे जिथे जोडीचे बंध नसतात, त्यामुळे जोडी जमण्यात त्याची काही अडचण होत नाही आणि मदतही फारशी नाही. तर मग तो लावायचा कशाला?

उत्तर सायटोसिनच्या एका खोडीत आहे. सायटोसिन पाण्यात राहून आपोआप बिघडते. त्याच्या कड्यावर नायट्रोजनचा एक गट असतो. पाण्याच्या रेणूशी प्रक्रिया होऊन तो गळतो आणि त्याच्या जागी ऑक्सिजन येतो. जे उरते ते युरॅसिल. याला किरणोत्सर्ग लागत नाही, विष लागत नाही. सदतीस अंश तापमान आणि पाणी पुरते. आपल्या प्रत्येक पेशीत रोज निदान शंभरेक सायटोसिन असे बिघडतात.

याचा परिणाम एका उदाहरणाने पाहू. समजा एखाद्या जनुकाच्या मधोमध सायटोसिन, ग्वानिन, ॲडेनिन अशी तीन अक्षरे आहेत. पेशीच्या भाषेत त्यांचा अर्थ ‘इथे आर्जिनिन हे अमिनो आम्ल लावा’. त्यातले सायटोसिन बिघडून युरॅसिल झाले. समोरच्या धाग्यावर अजून ग्वानिन आहे, पण युरॅसिलला हवे ॲडेनिन. पेशी विभागताना दोन्ही धागे सुटे होतात आणि प्रत्येकावर नवा जोडीदार धागा तयार होतो. युरॅसिलसमोर ॲडेनिन बसते. त्या ॲडेनिनसमोर पुढच्या खेपेला थायमीन. आता तिथे थायमीन, ग्वानिन, ॲडेनिन अशी अक्षरे झाली, आणि त्यांचा अर्थ ‘थांबा, प्रथिन इथे संपले’. एक नायट्रोजन गळाला आणि प्रथिन अर्ध्यावर तुटले. अशा प्रकारचे उत्परिवर्तन मानवी आनुवंशिक आजारांत नेहमी आढळते.

हे थांबवायचे तर विभाजनाच्या आधी बिघडलेले अक्षर ओळखून काढले पाहिजे. इथे थायमीनचे महत्त्व कळते. डीएनएत मुळातच युरॅसिल असते, तर हे युरॅसिल इथलेच आहे की सायटोसिन बिघडून झाले आहे, हे पेशीला कळले नसते. मिथिल गट ही खूण आहे. धनगर आपल्या मेंढरांच्या पाठीवर रंग लावतो. कळपात बिनरंगाचे मेंढरू दिसले की ते आपले नाही हे त्याला मोजदाद न करता समजते. डीएनएमध्ये युरॅसिल दिसले की ते बिघाडाचे, हा नियम पेशीला इतका सोपा करता आला तो थायमीनमुळे.

ही खूण तपासणारे विकर थॉमस लिंडाल या स्वीडिश शास्त्रज्ञाने १९७४ साली जिवाणूंमध्ये शोधले. ते विकर धाग्यावरून सरकत जाते आणि बेस बाहेर वळवून आपल्या एका अरुंद खाचेत बसतो का पाहते. युरॅसिल बसते. थायमीन बसत नाही, कारण त्याचा मिथिल गट आड येतो. बसलेले युरॅसिल विकर शर्करेपासून तोडते. मग दुसरी विकरे ती रिकामी शर्करा कापून काढतात, समोरच्या ग्वानिनकडे पाहून तिथे नवे सायटोसिन भरतात आणि कणा पुन्हा सांधतात. दुसरा धागा शाबूत असतो म्हणूनच हे जमते. दोन धाग्यांचा खरा फायदा हा आहे, एकाची चूक दुसऱ्याकडे पाहून दुरुस्त होते. या कामासाठी लिंडालना २०१५ सालच्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला.

व्यवस्था निर्दोष नाही. आपल्या डीएनएत काही सायटोसिनवर पेशीच मुद्दाम मिथिल गट लावते; जनुके बंद ठेवायला त्याचा उपयोग होतो. असे सायटोसिन बिघडले की युरॅसिल होत नाही, थेट थायमीन होते, म्हणजे कळपाचाच रंग असलेले मेंढरू. ते ओळखणे अवघड जाते आणि म्हणूनच अशा जागी उत्परिवर्तने इतर ठिकाणांपेक्षा कितीतरी जास्त सापडतात. आरएनएमध्ये मात्र ही सगळी यातायात कोणी करत नाही. तिथे एकाच निरोपाच्या अनेक प्रती असतात. एखादी बिघडली तर थोड्या वेळात ती मोडलीच जाणार. म्हणून तिथे स्वस्त युरॅसिल चालते.

आता महाग मालाचे पैसे कोण भरतो ते पाहू. युरॅसिलच्या डिऑक्सि न्यूक्लिओटाइडवर मिथिल गट चढवताना तो कार्बन पुरवते फोलेट, म्हणजे ज्याच्या गोळीला आपण फॉलिक ॲसिड म्हणतो ते जीवनसत्त्व. हिरव्या पालेभाज्या, कडधान्ये, यकृत यांत ते असते आणि फार शिजवले की बरेचसे नष्ट होते. फोलेट संपले की थायमीन थांबते आणि थायमीन थांबले की डीएनएची नवी प्रत होत नाही.

याचा पहिला फटका बसतो जिथे पेशी सर्वांत वेगाने विभागतात तिथे, म्हणजे हाडांच्या मज्जेत, जिथे रक्त तयार होते. १९२८ साली लूसी विल्स ही इंग्रज डॉक्टर मुंबईत आली ती हे कोडे सोडवायला, अर्थात तेव्हा तिला फोलेट किंवा थायमीन यांतले काहीच ठाऊक नव्हते. मुंबईतल्या गरीब गरोदर बायकांमध्ये, विशेषतः गिरण्यांत काम करणाऱ्यांमध्ये, एक जीवघेणा पांडुरोग दिसत होता. हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये चाललेल्या मातामृत्यूंच्या चौकशीसाठी तिला बोलावले होते. सूक्ष्मदर्शकाखाली या बायकांच्या तांबड्या पेशी कमी आणि नेहमीपेक्षा मोठ्या दिसत. लोहाच्या कमतरतेत पेशी लहान आणि फिक्या होतात, म्हणजे हे लोहाचे प्रकरण नव्हते. तिने जंतू शोधले, सापडले नाहीत. मग बायकांचा आहार तपासला. तो निकृष्ट होता. भाजीपाला आणि फळे जवळजवळ नव्हतीच.

उंदीर आणि माकडांवर प्रयोग करून तिने शेवटी यीस्टचा अर्क वापरून पाहिला. तो होता मार्माइट, इंग्रज लोक पावाला लावून खातात ते काळे, खारट लोणी. रुग्ण सुधारले, आणि तेही झपाट्याने. १९३१ साली तिने हे प्रसिद्ध केले. अर्कात नेमके काय आहे ते कोणालाच माहीत नव्हते, म्हणून बरीच वर्षे त्याला ‘विल्स घटक’च म्हणत. १९४१ साली तो टेक्सासमध्ये पालकाच्या पानांतून वेगळा केला गेला आणि पानावरूनच त्याला फॉलिक हे नाव मिळाले. चाळिशीच्या दशकात तो प्रयोगशाळेत तयार करणाऱ्या अमेरिकेतल्या लेडरली कंपनीच्या चमूचे प्रमुख होते आंध्रचे यल्लाप्रगडा सुब्बाराव.

त्या पेशी मोठ्या का होत्या, हे आता सांगता येते. पेशीचे बाकीचे काम, म्हणजे आरएनए आणि प्रथिने बनवणे, चालूच राहते, कारण आरएनएला थायमीन लागत नाही. डीएनए मात्र पूर्ण होत नाही, म्हणून पेशी विभागू शकत नाही. ती नुसती वाढते. आरएनएत युरॅसिल आणि डीएनएत थायमीन हा परीक्षेतला फरक इथे रक्ताच्या काचपट्टीवर दिसतो. पांढऱ्या पेशींतही खूण मिळते: त्यांच्या केंद्रकाचे सहसा तीन-चार भाग असतात, इथे पाच-सहा दिसतात. पॅथॉलॉजिस्ट आजही हेच पाहतो.

आणखी एक घोटाळा होतो. थायमीन अपुरे आणि युरॅसिलचा साठा वाढलेला, अशा वेळी पेशी नाइलाजाने डीएनएत युरॅसिलच बसवते. मागून तपासणीचे विकर येते आणि ते काढते. भरायला पुन्हा युरॅसिलच हाताशी असते. कापा, भरा, पुन्हा कापा. दोन्ही धाग्यांवर जवळजवळच्या जागी एकाच वेळी काप पडला तर डीएनएचा धागा आरपार तुटतो. कॅलिफोर्नियात ब्रूस एम्स यांच्या चमूने १९९७ साली फोलेटची कमतरता असलेल्या लोकांच्या पेशींत प्रत्येकी सुमारे ४० लाख युरॅसिल मोजले, आणि गुणसूत्रे तुटलेलीही पाहिली. फोलेट दिल्यावर दोन्ही कमी झाले. हीच दुबळी जागा कर्करोगाच्या औषधांनी नेमकी पकडली आहे. मेथोट्रेक्सेट फोलेटचे चक्र बंद पाडते आणि ५-फ्लुरोयुरॅसिल मिथिल गट चढवणारे विकरच जाम करते. दोन्हींचा उद्देश कर्कपेशीचे थायमीन तोडणे. या औषधांनी तोंड येते, केस गळतात, रक्त उतरते ते यामुळेच, कारण वेगाने विभागणाऱ्या निरोगी पेशींनाही थायमीन लागते.

आपल्याकडे गरोदर स्त्रियांना सरकारी दवाखान्यात जी लाल गोळी मिळते तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असते. ती १८० दिवस घ्यायची असते आणि ती अर्ध्यावर सोडू नये. मात्र कोणाला अशाच मोठ्या पेशींचा पांडुरोग असेल तर स्वतःच्या मनाने नुसते फॉलिक ॲसिड सुरू करू नये. बी-१२ कमी असले तरी रक्ताची काचपट्टी अगदी अशीच दिसते, कारण शरीरातले फोलेट पुन्हा वापरात आणायला बी-१२ लागते; ते नसेल तर फोलेट एका रूपात अडकून पडते. वरून फॉलिक ॲसिड दिले की थायमीन पुन्हा तयार होऊ लागते, रक्त सुधारते आणि सगळे ठीक वाटते. पण बी-१२ अभावी मज्जातंतूंची झीज चालूच राहते, हातपाय बधिर होतात आणि उशीर झाला तर ती भरून येत नाही. शाकाहारी घरांत बी-१२ची कमतरता फार आढळते. तेव्हा गोळी घेण्याआधी रक्तातले बी-१२ तपासून घ्या.